कॅशे साफ केला तरी फोन पुन्हा का भरतो, आणि जागा खरोखर कुठून काढायची

प्रश्न: 64 जीबीचा अँड्रॉइड फोन आहे. रोज ‘स्टोरेज भरत आले’ असा मेसेज येतो. कॅशे साफ केला की दीड-दोन जीबी मोकळे होतात, पण आठवड्याभरात परत तेच. मागे बसून दोनेकशे फोटो उडवले, तरी जागा जवळपास तेवढीच दिसते. व्हॉट्सॲपमधल्या गप्पा आणि घरचे फोटो जायला नकोत. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

माझे काम फोन दुरुस्तीचे आणि जुन्या फोनमधला डेटा नव्यात हलवण्याचे. भरलेले फोन रोज हातात येतात, आणि बहुतेकांची गोष्ट तुमच्यासारखीच असते. माणूस आधी हात घालतो तो कॅशेला, कारण ते बटण सापडायला सोपे आणि त्याने काही हरवत नाही. पण कॅशे ही जागा तुम्हाला तात्पुरती मिळते, कायमची नाही. कायमची जागा मिळते ती ज्या फाइली तुम्ही स्वतः बनवल्या, मागवल्या किंवा दुसऱ्यांनी पाठवल्या त्यांतून. म्हणून कुठलीही गोष्ट उडवण्याआधी मी दोनच गोष्टी बघतो. ही परत आपोआप येणार आहे का? आणि हिची दुसरी प्रत कुठे आहे का? परत येणारी असेल तर तिच्यामागे वेळ घालवत नाही. दुसरी प्रत नसेल तर ती करून होईपर्यंत हात लावत नाही.

आधी कॅशेचेच सांगतो, म्हणजे तो विषय बाजूला पडेल. ॲपने इंटरनेटवरून एकदा आणलेली चित्रे, व्हिडिओचे तुकडे, पानांचे भाग परत आणावे लागू नयेत म्हणून ते फोनवर ठेवलेले असतात, तो कॅशे. तुम्ही तो पुसला आणि तेच ॲप उघडले की ते सगळे पुन्हा उतरवून घेते. म्हणजे आठवड्याभरात जागा परत भरली तर फोन बिघडलेला नाही. शिवाय अँड्रॉइड 8 पासून प्रत्येक ॲपच्या कॅशेला फोन एक वाटा ठरवून देतो, आणि जागा कमी पडली की वाटा ओलांडलेल्या ॲपांचा कॅशे स्वतःहून आधी काढतो. तुम्ही हाताने करता ते काम फोन तसेही करत असतो.

तरी कॅशे कधी साफ करावा? एक, एखादे ॲप विचित्र वागत असेल तेव्हा. दोन, आत्ता या क्षणी काहीतरी इन्स्टॉल व्हायला हवे आणि थोडी जागा कमी पडते आहे तेव्हा. तीन, एकाच ॲपचा कॅशे गिगाबाइटमध्ये गेलेला दिसला तेव्हा. ब्राउझर आणि छोटे व्हिडिओ दाखवणारी ॲप यांत पुढे असतात. एवढ्यापलीकडे दर रविवारी सगळ्या ॲपांचा कॅशे पुसत बसण्यात अर्थ नाही. उलट मोबाइल डेटा जास्त खर्च होतो आणि ॲप सुरुवातीला संथ चालतात.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. ॲपच्या माहितीच्या पानावर Clear cache च्या शेजारीच Clear storage असते, काही फोनांवर त्याला Clear data म्हणतात. ही दोन बटणे सारखी दिसली तरी परिणामात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याने परत उतरवता येणारी गोष्ट जाते. दुसऱ्याने ॲप नुकतेच इन्स्टॉल केल्यासारखे कोरे होते. व्हॉट्सॲपवर ते दाबले तर फोनवरच्या गप्पा जातात आणि शेवटच्या बॅकअपमध्ये जेवढे असेल तेवढेच परत मिळते. लॉगिनसाठी आकडी कोड देणारे ॲप असेल आणि त्यातली खाती कुठे सिंक केलेली नसतील तर आपल्याच खात्यांत शिरणे अवघड होते. वह्यांसारखी नोंदींची ॲप, खेळातली प्रगती, बँकेच्या ॲपची नोंदणी यांचेही तेच. जागेचा आकडा बघून मोह होतो, कारण Clear storage दाबल्यावर कॅशेच्या कितीतरी पट जागा सुटते. ती कशाच्या बदल्यात सुटली ते नंतर कळते.

आता तुमच्या दुसऱ्या कोड्याकडे येऊ: फोटो उडवले तरी जागा का वाढली नाही. जवळजवळ नक्की कारण कचरापेटी. आजच्या फोनांत ‘डिलीट’ म्हणजे लगेच पुसणे नव्हे. गूगल फोटोजमध्ये उडवलेला फोटो बॅकअप झालेला असेल तर 60 दिवस आणि नसेल तर 30 दिवस ट्रॅशमध्ये राहतो. फाइल्स बाय गूगल या ॲपचे ट्रॅश वेगळे, तिथेही 30 दिवस. फोन बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची गॅलरी असेल तर तिची पेटी आणखी वेगळी असू शकते. या काळात फाइल फोनवरच असते. अँड्रॉइड 11 पासून ती त्याच फोल्डरमध्ये `.trashed-` अशा नावाने लपवून ठेवली जाते, म्हणून गॅलरीत दिसत नाही पण जागा अडवते. तेव्हा गॅलरी, फोटोज आणि फाइल्स या तिन्ही ठिकाणच्या पेट्या एकदा उघडून बघा. पण रिकाम्या करण्याआधी आतले एकदा चाळा. चुकून गेलेली गोष्ट परत आणायची ती शेवटची संधी असते.

यापुढचा क्रम मी एका फोनवरून दाखवतो. एका बाईंचा फोन, तुमच्यासारखाच 64 जीबीचा, मोकळी जागा 1.2 जीबी. सेटिंग्जमधल्या स्टोरेजच्या पानावर हिशेब असा होता: सिस्टिम 14 जीबी, ॲप 19, व्हिडिओ 15, फोटो 9, ऑडिओ 1, कागदपत्रे आणि इतर 3, ट्रॅश 1.8. हे पान आधी बघायचे आणि त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवायचा. नंतर तुलना करायला तो लागतो. सिस्टिमचे 14 जीबी आपल्या हातात नाहीत, ते सोडून द्या. आकडे मोठे कुठे आहेत? ॲप आणि व्हिडिओ. बाईंनी मात्र आधीचे दोन दिवस फोटो एकेक करून उडवण्यात घालवले होते. कॅमेऱ्याचा एक फोटो साधारण तीन-चार एमबीचा. दोनशे फोटो म्हणजे पाऊण जीबी, आणि प्रत्येक फोटोवर ‘ठेवू की नको’ असा निर्णय. तेवढ्याच जागेसाठी एक लांब व्हिडिओ उडवला असता तरी भागले असते. म्हणून व्हिडिओ आधी, फोटो शेवटी.

ट्रॅश रिकामे केले, फोन 3 जीबीवर आला. हे पहिले करण्यामागे आणखी एक कारण आहे. फोन अगदी तळाला गेला की पुढची कामे करायलाही जागा उरत नाही. बॅकअप अडतो, ॲप अपडेट होत नाहीत, कॅमेरा रेकॉर्डिंग मध्येच थांबवतो.

मग व्हॉट्सॲप. ते फाइल मॅनेजरमधून साफ करायला जाऊ नका. ॲपच्या आतच सोय आहे. Settings मध्ये Storage and data, आणि त्यात Manage storage. वर दोन गठ्ठे दिसतात: 5 एमबीहून मोठ्या फाइलींचा, आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्यांचा, तो असेल तर. खाली गप्पांची यादी, ज्या चॅटने जास्त जागा घेतली ते वर. मोठ्या फाइलींचा गठ्ठा उघडला की आकारमानाने लावून घ्या आणि वरून खाली येत जा. इथून व्हिडिओ काढला तर लिहिलेल्या मेसेजना धक्का लागत नाही. तीच फाइल तीन ग्रुपांत आलेली असेल तर ॲप विचारते की सगळ्या प्रती काढू का. इथे हो म्हणायचे, नाहीतर एक नाव कमी होते आणि जागा तशीच राहते. बाईंच्या फोनवर शुभेच्छांचे आणि फॉरवर्ड आलेले व्हिडिओ मिळून 4.2 जीबी निघाले. त्यात त्यांना ठेवावासा वाटलेला एकच व्हिडिओ होता, नातीचा. तो आधी फोनच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी केला. आता मोकळी जागा 7.2.

व्हॉट्सॲपमध्ये लोकांच्या नजरेतून सुटणारी एक जागा आहे. तुम्ही जो व्हिडिओ कुणाला पाठवता त्याची एक लहान केलेली प्रत तुमच्याच फोनवर Sent नावाच्या फोल्डरमध्ये राहते. मूळ व्हिडिओ कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये असतोच. म्हणजे तुमचीच गोष्ट दोनदा. अँड्रॉइड 11 आणि पुढच्या फोनांवर हे फोल्डर इथे असते:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Video/Sent
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images/Sent
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

पहिल्या दोन फोल्डरांतल्या फाइली फाइल मॅनेजरमधून काढता येतात. चॅटमध्ये तिथे धूसर चौकोन राहतो आणि दाबल्यावर फाइल सापडत नाही असे येते, बाकी काही बिघडत नाही. फक्त एक बघा: मूळ व्हिडिओ कॅमेऱ्यात खरेच आहे ना. कधीकाळी मूळ उडवलेला असेल तर Sent मधली प्रत हीच शेवटची. बाईंकडे इथून 0.9 जीबी मिळाले, मोकळी जागा 8.1.

तिसरा फोल्डर, Databases, गप्पांच्या रोजच्या बॅकअपचा. त्यात नावात तारीख असलेल्या अनेक फाइली दिसतील. चॅट जुने आणि भरपूर असेल तर एकेक फाइल काहीशे एमबीची होते. तारखेशिवायची जी फाइल आहे, नावाची सुरुवात `msgstore.db` अशी, ती सर्वांत ताजी. तिला हात लावायचा नाही. तारीखवाल्या जुन्या प्रती काढल्या तरी चालतात, पण मी ते अगदी अडल्याशिवाय करत नाही, कारण त्या परत तयार होतात. आधी म्हटले तसे, परत येणाऱ्या गोष्टीमागे वेळ घालवायचा नाही.

आता कॅमेऱ्याने काढलेले व्हिडिओ. खरा ऐवज इथे असतो आणि खरी भीतीही इथेच. साध्या फुल एचडीमध्ये, म्हणजे 1080p, सेकंदाला 30 फ्रेम, एका मिनिटाला साधारण 130 एमबी लागतात. 4K मध्ये तेच मिनिट साधारण 350 एमबी खाते. कार्यक्रमाचा चौदा मिनिटांचा 4K व्हिडिओ जवळपास 4.9 जीबीचा होतो. बाईंच्या फोनवर नेमका असा एक होता. कुणीतरी कॅमेरा 4K वर लावून दिला होता आणि त्यांना ते माहीतच नव्हते. तो व्हिडिओ त्यांनी फोनच्या छोट्या पडद्याशिवाय कुठे पाहिलाही नव्हता.

असा व्हिडिओ उडवायचा नाही, हलवायचा. संगणक असेल तर केबल लावा, फोनवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय निवडा, आणि ‘कट’ न करता ‘कॉपी’ करा. केबल हलली आणि काम मध्येच तुटले तर कट केलेल्या फाइलीचे काय झाले याचा शोध घेणे फार त्रासाचे असते. कॉपी झाल्यावर दोन गोष्टी तपासा: दोन्हीकडे फाइलीचा आकार अगदी सारखा आहे का, आणि संगणकावर तो व्हिडिओ शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत चालतो का. अर्धवट उतरलेला व्हिडिओ अनेकदा सुरुवातीला छान चालतो आणि मग थांबतो, काही वेळा उघडतच नाही. हे तपासल्यावरच फोनवरचा काढा.

पेनड्राइव्हवर टाकत असाल तर एक अडथळा येऊ शकतो. बरेच पेनड्राइव्ह FAT32 पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, ड्राइव्ह 64 जीबी रिकामा असला तरी. फोन किंवा संगणक ‘जागा नाही’ किंवा ‘फाइल फार मोठी’ असे काहीतरी सांगतो आणि माणूस गोंधळतो. उपाय म्हणजे ड्राइव्ह exFAT मध्ये फॉरमॅट करणे. त्याने ड्राइव्हवरचे आधीचे सगळे जाते, तेव्हा ते आधी काढून घ्या. बाईंच्या मुलाने हेच केले. 4.9 जीबी हलले, मोकळी जागा 13.

संगणक नसेल तर गूगल फोटोज हा दुसरा मार्ग, पण त्यात तीन खाचखळगे आहेत. पहिला असा की बॅकअप चालू असताना फोटोजच्या ॲपमध्ये तुम्ही साधे डिलीट केले तर तो फोटो फोनवरून आणि खात्यावरून, दोन्हीकडून जातो. फोनवरचा काढून खात्यावरचा ठेवायचा असेल तर Free up space हा वेगळा पर्याय आहे. तो फक्त बॅकअप झालेल्याच गोष्टी फोनवरून काढतो. दुसरा, बॅकअप मुळात फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा होतो. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट यांचे फोल्डर वेगळे चालू करावे लागतात. तिसरा, खात्यावर फुकट मिळणारी जागा 15 जीबी आहे आणि ती मेल, ड्राइव्ह व फोटोज यांत मिळून आहे. 1 जून 2021 पासून कमी दर्जाचे फोटोही त्यात मोजले जातात, आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा. ही जागा भरली की बॅकअप थांबतो. त्याची सूचना येते, पण रोजच्या सूचनांच्या ढिगात ती कुणी वाचत नाही.

त्यामुळे Free up space दाबण्याआधी दुसऱ्या कुठल्यातरी उपकरणावर photos.google.com उघडून गेल्या आठवड्यातला एखादा फोटो आणि एखादा मोठा व्हिडिओ तिथे दिसतो का ते बघा. त्याच फोनवर बघून उपयोग नाही, कारण ॲप फोनवरचे आणि खात्यावरचे एकत्रच दाखवते. आणि दर्जा Storage saver ठेवला असेल तर खात्यावर मूळ 4K व्हिडिओ नसतो, 1080p ला लहान केलेला असतो. घरच्या चित्रीकरणाला बहुतेकांना तेवढे पुरते. लग्नाचे मूळ चित्रीकरण असेल तर मी पुरते म्हणणार नाही.

एवढे झाल्यावर ॲपकडे वळा. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर दाबून Manage apps & device उघडा, त्यातला Manage हा भाग. तिथे यादी आकारमानानेही लावता येते आणि सर्वांत कमी वापरलेली आधी अशीही. मी दोन्ही बघतो. नुसते ‘न वापरलेले’ बघितले तर 20 एमबीची दहा ॲप काढून हाती काहीच लागत नाही. मोठे आणि न वापरलेले, अशी जोडी शोधायची. बाईंच्या फोनवर नातवाने घातलेले दोन खेळ होते, दोन्ही मिळून 3.1 जीबी. खेळांचे असेच असते: स्टोअरवर आकार लहान दिसतो, उघडल्यावर बाकीची सामग्री आत उतरते.

काढून टाकायला मन होत नसेल तर काही ॲपांना आर्काइव्ह करता येते. गूगलने 2023 मध्ये ही सोय आणली. ॲपचा मोठा भाग निघून जातो, चिन्ह आणि तुमचा डेटा फोनवर राहतो, आणि चिन्हावर दाबले की ॲप परत उतरते. प्रवासापुरते लागणारे ॲप, वर्षातून एकदा उघडणारे ॲप यांना ते बरे. सगळ्या ॲपांना ते जमत नाही आणि परत उतरवायला इंटरनेट लागते, हे लक्षात ठेवा. कंपनीने आधीच घालून दिलेली ॲप मात्र पूर्ण निघत नाहीत. ती डिसेबल केली की त्यांचे अपडेट आणि साठवलेला डेटा तेवढा सुटतो, मूळ ॲप सिस्टिमच्या भागात बसून राहते.

ॲपच्या 19 जीबीत ॲप स्वतः किती आणि त्याने साठवलेले किती हे वेगळे बघायला हवे. एकेका ॲपचे पान उघडले की ॲपचा आकार, डेटा आणि कॅशे असे तीन आकडे दिसतात. डेटा मोठा असेल तर बहुधा आत काहीतरी ऑफलाइन साठवलेले असते: गाणी, मालिकांचे भाग, नकाशे. ते Clear storage ने उडवू नका. ॲप उघडून त्याच्या ‘डाउनलोड’ भागातून काढा, म्हणजे लॉगिन आणि बाकी गोष्टी राहतात. बाईंच्या गाण्यांच्या ॲपमध्ये 1.6 जीबी होते, त्यातली अर्धी गाणी ऐकून सोडून दिलेली. टेलिग्राम वापरत असाल तर तिथे प्रकरण उलटे आहे. त्यातल्या साध्या चॅटमधले फोटो-व्हिडिओ त्यांच्या सर्व्हरवर राहतात, त्यामुळे ॲपच्या आतून कॅशे साफ केला तरी ते परत उतरवता येतात. व्हॉट्सॲपमध्ये तसा भरवसा धरू नका.

खेळ आणि गाणी मिळून 4.7 जीबी, म्हणजे फोन 17.7 जीबीवर आला. अजून एकही घरचा फोटो गेलेला नव्हता, आणि कॅशेला हात लावलेला नव्हता.

आता राहिले दुहेरी फोटो. हे मी मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण मेहनत जास्त आणि मिळकत कमी. फाइल्स बाय गूगलमध्ये साफसफाईच्या भागात दुहेरी फाइलींचा गठ्ठा असतो. तो ज्यांना दुहेरी म्हणतो त्या फाइली आतून अगदी सारख्या असतात, एका बिटाचाही फरक नाही. एकच पीडीएफ चारदा उतरवलेली, नावापुढे (1), (2) लागलेली. एकच फोटो दोन फोल्डरांत कॉपी झालेला. या बिनधास्त काढा, फक्त कुठली प्रत राहते आहे ते बघा. कॅमेऱ्याच्या फोल्डरमधली राहू द्या आणि Download मधली जाऊ द्या, कारण बॅकअप कॅमेऱ्याच्या फोल्डरचा होतो.

पण तुमच्या डोळ्यांना जे दुहेरी दिसते ते बहुतेक या प्रकारचे नसते. तुम्ही काढलेला चार एमबीचा फोटो ग्रुपवर गेला, कुणीतरी परत तुम्हाला पाठवला, तो आता काहीशे केबीचा आहे. चित्र तेच, फाइल वेगळी. म्हणून असे ॲप त्याला पकडत नाही. इथे नावावरून ओळखा. व्हॉट्सॲपमधून आलेल्या फोटोच्या नावात तारीख आणि पुढे WA असते, जसे `IMG-20240115-WA0003.jpg`. तुमच्याकडे मूळ असेल तर WA वाला काढा, कधीच उलटे नको. लहान केलेल्या फोटोतून कुठे आणि कधी काढला ही माहितीही गेलेली असते. नावातली तारीख व्हॉट्सॲपची असते, फोटो काढल्याची नव्हे. आणि दुसऱ्याने काढलेला फोटो असेल तर WA वाली प्रत हीच तुमची एकमेव प्रत, तो राहू द्या. तिसरा प्रकार म्हणजे एकाच क्षणाचे सात फोटो. ते मशीनवर सोपवू नका. डोळे मिटलेला कोण आणि चांगला कोणता हे घरच्या माणसालाच कळते. बाईंकडे या सगळ्यातून 0.7 जीबी निघाले. संध्याकाळ गेली, पण ते काम त्यांनी आवडीने केले.

‘क्लीनर’ म्हणवणारी वेगळी ॲप यासाठी घालू नका. ती जे कॅशे पुसतात ते तुम्हाला आणि फोनला तसेही पुसता येते. ती स्वतः जागा घेतात, जाहिराती दाखवतात, आणि ‘मेमरी मोकळी केली’ म्हणून जो आकडा नाचवतात तो रॅमचा असतो, स्टोरेजचा नव्हे.

शेवटी पुन्हा सगळ्या पेट्या रिकाम्या करायच्या, कारण गॅलरी आणि फाइल्समधून आत्ता काढलेलेही तिथेच जाऊन बसले आहे. व्हॉट्सॲपच्या आतून काढलेले मात्र या पेट्यांत येत नाही, ते थेट जाते. म्हणून तिथे निवडताना जास्त सावध. बाईंचा फोन 1.2 वरून 18.4 जीबी मोकळा झाला. तुमचे आकडे वेगळे येतील. तुम्ही 4K काढतच नसाल तर तो मोठा घास मिळणार नाही. खेळ नसतील तर ॲपमधून फार निघणार नाही. मग व्हॉट्सॲप आणि फोटोंचा बॅकअप यावरच भिस्त ठेवावी लागेल.

किती मोकळे ठेवावे? मी 64 जीबीच्या फोनला सहा-सात जीबी, म्हणजे दहावा हिस्सा, तळरेषा मानतो. सिस्टिमच्या अपडेटला उतरवायला आणि उलगडायला काही जीबी लागतात हे एक. दुसरे, फोनच्या मेमरीत जुन्या मजकुरावर थेट नवे लिहिता येत नाही. आधी पूर्ण ठोकळा पुसावा लागतो आणि त्यासाठी आतला मजकूर दुसरीकडे हलवावा लागतो. मोकळे ठोकळे कमी असले की ही हलवाहलव वाढते आणि फोन अडखळतो. भरलेला फोन संथ का होतो याचे एक मोठे कारण हे.

पुन्हा भरू नये म्हणून दोन सेटिंग बदला. व्हॉट्सॲपमध्ये Storage and data मध्येच आपोआप डाउनलोडचा भाग आहे. मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हीखालून व्हिडिओची खूण काढा. वायफायखालचीही काढा, बहुतेक लोक तीच विसरतात. आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ 1080p वर आणा. तिथे ‘हाय एफिशियन्सी’ किंवा HEVC असा पर्याय असेल तर तो चालू केल्यावर तेवढाच व्हिडिओ साधारण निम्म्या जागेत बसतो. जुन्या संगणकावर किंवा टीव्हीवर तो कधी कधी चालत नाही, तेव्हा आधी एक छोटा व्हिडिओ काढून तिथे चालवून बघा.

दोन आठवड्यांनी स्टोरेजचे पान पुन्हा उघडा आणि साफसफाई संपल्यावरच्या आकड्यांशी ताडून बघा. ॲप वाढले असतील तर एकेका ॲपचे पान उघडून डेटा कुणाचा वाढला ते शोधा. व्हिडिओ वाढले असतील तर आपोआप डाउनलोडचे सेटिंग परत तपासा. फोन बदलल्यावर किंवा व्हॉट्सॲप नव्याने घातल्यावर ते पहिल्यासारखे होते. आणि काहीच वाढलेले दिसत नसताना मोकळी जागा घटली असेल, तर ट्रॅशचा आकडा बघा.